फुटलेली फुलदाणी, सहा वर्षांपूर्वीचं मूल्यांकन आणि विमा कंपनीला पत्र

प्रश्न: घरातली जुनी पोर्सेलिनची फुलदाणी कपाट पुसताना माझ्या कोपराचा धक्का लागून खाली पडली. काठाचा टवका उडाला आणि तिथून पोटापर्यंत चीर गेली आहे. बुडाशी एक बारीक रेघ आधीपासूनच होती. सहा वर्षांपूर्वी मूल्यांकन करून घेतलं होतं, पॉलिसीत तीच रक्कम आहे. विमा कंपनीला पत्र कसं लिहू? मूल्यांकनाची पूर्ण रक्कम मागायची का, आणि जुन्या रेघेबद्दल लिहायचं का?

उत्तर:

पूर्ण रक्कम मागू नका, आणि बुडाच्या रेघेबद्दल न विसरता लिहा. दोन्ही उत्तरांमागे कारण एकच आहे. ते आधी उलगडून सांगते, म्हणजे पत्रातलं प्रत्येक वाक्य तसंच का लिहायचं हे तुमच्या लक्षात येईल.

मी गेली २२ वर्षं विम्याच्या दाव्यांच्या सर्व्हेचं काम करते आणि त्यातला बराचसा भाग जुन्या, नाजूक वस्तूंचा आहे. माझ्या हातात येणाऱ्या बहुतेक पहिल्या पत्रांचा गाभा असा असतो: ‘आमची फुलदाणी फुटली आहे, सोबत मूल्यांकन जोडले आहे, तरी त्याप्रमाणे रक्कम मिळावी.’ लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो, पण मूल्यांकनाच्या कागदावर भलतंच ओझं पडतं. तो कागद एवढंच सांगतो की अमुक तारखेला, अमुक स्थितीत असलेल्या या वस्तूची किंमत अमुक होती. पडल्यानंतर काय उरलं, याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. आणि तुमच्याकडे बरंच काही उरलं आहे. फुलदाणी उभी राहते आहे, चित्रकाम बहुतेक जागेवर आहे, टवका सोडला तर तुकडा वेगळा झालेला नाही. कंपनी देणं लागते ते पडण्याआधीची फुलदाणी आणि पडल्यानंतरची फुलदाणी यांच्यातल्या फरकाचं. मूल्यांकन हे त्या फरकाचं एक टोक. तुमच्या पत्राने हे टोक पक्कं बांधायचं आणि दुसरं टोक मोजून द्या, असं कंपनीला सांगायचं.

आकड्यांत पाहू. मूल्यांकनाची रक्कम १०० धरा. रिस्टोररने सांगितलं की टवका बसवणं, चीर भरणं आणि रंग जुळवणं याला १२ लागतील. पण काम कितीही सुबक झालं तरी ती यापुढे ‘दुरुस्त केलेली’ फुलदाणी राहणार, आणि जाणकार गिऱ्हाईक तिला अखंड वस्तूचा भाव देणार नाही. समजा मूल्यांकनकाराच्या मते दुरुस्तीनंतरची तिची किंमत ५५ आहे. म्हणजे किमतीत ४५ ची घट झाली. दुरुस्तीचे १२ आणि घटीचे ४५ मिळून तुमचं नुकसान ५७. पॉलिसीत तुम्ही स्वतः सोसायची काही रक्कम ठरलेली असेल तर ती यातून वजा होईल.

आता १०० मागणाऱ्याचं काय होतं ते पाहा. हे ‘पूर्ण नुकसान’ का नाही, यावरच महिनोन्‌महिने पत्रापत्री चालते. आणि समजा कंपनीने १०० दिलेच, तर साधारणपणे फुलदाणीवरचा तुमचा हक्क सुटतो, कारण पूर्ण नुकसानीचे पैसे मोजल्यावर उरलेली वस्तू कंपनीची होते. काही पॉलिसींत ती ठरलेल्या किमतीला परत विकत घेण्याची मुभा असते, सगळ्यांत नसते. घरातली पिढीजात वस्तू अशी निघून गेल्यावर हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत. याच्या उलट काही जण भिडेपोटी फक्त दुरुस्तीचं बिल पाठवतात. त्यांना १२ मिळतात आणि दावा बंद होतो. ४५ चा विषय निघालेलाच नसतो. माझ्या अनुभवात ही दुसरी चूक जास्त होते आणि तीच जास्त महागात पडते, कारण बंद झालेला दावा पुन्हा उघडून घेणं फार कठीण.

किमतीत घट किती होईल, याचा ठोकताळा मी देणार नाही. ज्या नमुन्याच्या अखंड फुलदाण्या बाजारात सहज मिळतात, त्यात चीर गेलेलीला फारसं कुणी विचारत नाही, म्हणून तिथे घट मोठी असते. जिचे जोडीदारच मोजके उरलेत, ती चिरेसकटही घेतली जाते, तिथे घट तुलनेने कमी. चीर दर्शनी बाजूला आहे की मागे, चित्राच्या मुख्य भागातून जाते की मोकळ्या जागेतून, यानेही फरक पडतो. हे ठरवणं मूल्यांकनकाराचं काम आहे. पत्रात तुम्ही स्वतःचा आकडा टाकू नका.

हे सगळं कुठे बदलू शकतं, तर पॉलिसीच्या शब्दांत. पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी शोधा.

पहिली, फुलदाणीची रक्कम तिथे कोणत्या नावाने लिहिली आहे. ती ‘ठरलेली किंमत’ म्हणून, वेगळ्या अनुक्रमांकाखाली नोंदवलेली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नुकसानीच्या आधीची किंमत १००, हे दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं. पण ती नुसती ‘विमा रक्कम’ असेल, तर ती फक्त वरची मर्यादा आहे. मग कंपनी विचारू शकते की घटनेच्या दिवशी बाजारभाव किती होता. समजा सहा वर्षांत भाव वाढून तो १६० झाला होता. वाढला म्हणून आनंद वाटेल, पण पॉलिसीत कमी रकमेच्या विम्याचं प्रमाणशीर कलम असेल तर हिशेब असा होतो: दुरुस्तीनंतरची किंमत त्याच प्रमाणात ८८, म्हणजे घट ७२. त्यात दुरुस्तीचे १२ मिळवून नुकसान ८४. विमा मात्र १६० च्या वस्तूवर १०० चाच, म्हणून ८४ चे साडेबासष्ट टक्के, म्हणजे ५२.५ मिळणार. जुन्या मूल्यांकनाचा फटका बसतो तो इथे. म्हणूनच दर तीन ते पाच वर्षांनी मूल्यांकन नवं करा, असा सल्ला या व्यवसायात दिला जातो.

दुसरी गोष्ट, ‘किमतीतली घट’ पॉलिसीत धरली आहे का. जुन्या वस्तूंसाठी खास घेतलेल्या पॉलिसीत ती बहुधा असते. घरातल्या सरसकट सामानाच्या पॉलिसीत पुष्कळदा नसते. तिथे दुरुस्ती किंवा बदली वस्तू एवढाच विषय असतो. नसेल तर पत्रातला तो मुद्दा गाळावा लागेल. शब्द संदिग्ध असतील तर मुद्दा ठेवा आणि कोणत्या कलमानुसार निर्णय घेतला ते लेखी मागा.

आता तुमचं सहा वर्षांपूर्वीचं मूल्यांकन काढा आणि ते सर्व्हेअरच्या नजरेने वाचा. मी असा कागद उघडते तेव्हा रकमेकडे शेवटी बघते. आधी बघते ती उंची, काठाचा व्यास, बुडावरची खूण, चित्राचं वर्णन आणि फोटो. समोरची फुलदाणी तीच आहे, हे यावरून सिद्ध होतं. मग स्थितीबद्दलचं वाक्य. मग मूल्यांकनाचा हेतू आणि आधार, कारण ‘विम्यासाठी बदली किंमत’ आणि ‘लिलावात येईल ती किंमत’ हे दोन वेगळे आकडे असतात. तशीच दुसरी वस्तू व्यापाऱ्याकडून विकत घ्यायला जे लागेल ते बहुधा जास्त असतं, आणि आपली वस्तू लिलावात विकून जे येईल ते कमी.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण इथे चांगले दावे अडकतात. पडण्याआधीची किंमत बदलीच्या आधारावर १०० घेतली आणि पडल्यानंतरची किंमत एखाद्या लिलावगृहाकडून विचारून ३० आणली, की घट ७० दिसते. पण यातला काही भाग चिरेमुळे नाही, दोन वेगळ्या मापांमुळे आला आहे. सर्व्हेअरच्या हे लगेच लक्षात येतं, आणि मग तुमच्या बाकीच्या कागदांकडेही तो साशंकतेने पाहू लागतो. म्हणून दुसरं मत घेताना मूल्यांकनकाराला स्पष्ट सांगा की पहिल्या कागदात जो आधार आहे त्याच आधारावर दोन किमती द्या: घटनेच्या आदल्या दिवशी अखंड स्थितीत किती, आणि योग्य दुरुस्तीनंतर किती. जुना मूल्यांकनकार उपलब्ध असेल तर त्याच्याकडूनच घेतलेलं उत्तम. त्याने वस्तू फुटण्याआधी हाताळलेली असते, आणि त्या मताला वजन येतं.

सहा वर्षं जुना म्हणून हा कागद निकामी होत नाही. किंमत शिळी झाली असेल, पण फुलदाणी तुमच्याकडे होती आणि ती कशी होती, याचा तो पुरावा दाव्याच्या आधी, कुठलाही वाद नसताना तयार झाला आहे. नुकसानीनंतर मिळवलेला कोणताही कागद त्याची जागा घेऊ शकत नाही.

बुडाच्या रेघेकडे वळू. मूल्यांकनात तिची नोंद आहे का ते पाहा. असेल तर प्रश्नच मिटला, कारण १०० ही किंमत रेघ धरूनच ठरली आहे. नसेल तरी तुम्हीच सांगा. कारण अगदी व्यावहारिक आहे: ती लपत नाही. वापरातल्या जुन्या चिरेत धूळ, तेलकटपणा मुरतो आणि ती तपकिरी दिसते. भट्टीतच आलेली रेघ असेल तर तिच्या कडा झिलईने मऊ, गोलसर झालेल्या असतात. नवी चीर मात्र स्वच्छ असते, आणि टवका उडाल्यावर आतलं अंग पांढरं, धारदार, ताज्या खडीसाखरेसारखं चमकतं. भिंगाखाली फरक कळायला दोन मिनिटं लागतात. जुनी दुरुस्ती असेल तर अतिनील दिव्याखाली वरून दिलेला रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा उजळतो. हे सर्व्हेअरला सापडलं आणि पत्रात नसलं, तर प्रश्न रेघेपुरता राहत नाही, तुमच्या सांगण्यावरच्या विश्वासाचा होतो. महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तोही अशा रेघेपायी जिने तुमची रक्कम फारशी कमी होणारच नव्हती. ती आधीची आहे एवढं एका वाक्यात लिहिलं, की सर्व्हेअर ती बाजूला ठेवतो आणि काठाच्या चिरेकडे वळतो.

घटनेचं वर्णन हा पत्रातला सगळ्यात नाजूक भाग. पुष्कळ पॉलिसींत एक अपवाद असतो: वस्तू साफ करताना, दुरुस्त करताना किंवा पूर्ववत करताना त्या प्रक्रियेमुळे झालेलं नुकसान धरलं जात नाही. तुम्ही प्रश्नात ‘कपाट पुसताना’ असं लिहिलं आहे. हेच घाईत ‘साफसफाई करताना फुलदाणी फुटली’ असं लिहिलं गेलं, तर वाचणारा पहिल्यांदा त्या अपवादाकडे बोट दाखवेल. प्रत्यक्षात तुम्ही फुलदाणी साफ करत नव्हता. तुम्ही कपाट पुसत होता आणि कोपर लागलं. हा अपघाती धक्का आहे. तेव्हा जे घडलं ते तसंच, हालचाल दिसेल असं लिहा: तुम्ही कुठे उभे होता, फुलदाणी कुठे होती, किती उंचीवरून आणि कशावर पडली. एका दाव्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘बहुधा मांजरीने पाडली असावी.’ त्या वेळी त्या घरात नव्हत्या, तो नुसता तर्क होता. पण पाळीव प्राण्यांनी केलेलं नुकसान त्यांच्या पॉलिसीत वगळलेलं होतं आणि त्या एका ‘बहुधा’पायी दावा पाच महिने अडला. पाहिलं असेल तर पाहिलं म्हणून लिहा, जे कारण पक्कं ठाऊक आहे ते गैरसोयीचं असलं तरी लिहा, पण अंदाज मात्र लिहू नका.

पत्राइतकंच आणखी एक काम आजच करायचं आहे: फुलदाणी आहे तशी राखणं. उडालेला टवका तर ठेवाच, पण त्याच्याबरोबर पडलेल्या तांदळाच्या कणीएवढ्या कपच्याही ओल्या नसलेल्या मऊ ब्रशने कागदावर गोळा करा आणि छोट्या डबीत ठेवा. केराच्या भरणीत गेलेली कपची म्हणजे रिस्टोररला कृत्रिम भरावाने भरावी लागणारी जागा. टवका जागेवर बसतो का हे बसवून पाहू नका. प्रत्येक वेळी कडा घासून थोडी झडते आणि सांधा रुंद होतो. चिकटपट्टी लावू नका, कारण झिलईवरचा रंग आणि सोनेरी काम कमी आचेवर पक्कं केलेलं असतं, पट्टी काढताना ते तिच्याबरोबर निघून येऊ शकतं. फुलदाणी धुऊ नका, चिरेत पाणी आणि मळ ओढला जातो. काठाला धरून उचलू नका, एक हात बुडाखाली आणि एक पोटाला देऊन उचला.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाबद्दल तर हात जोडून सांगते, लावू नका. तो काही सेकंदांत पकडतो आणि तुकडा केसभर तिरपा बसला तरी तसाच राहतो. एकाने फुटलेल्या भांड्याचे सात तुकडे आधी स्वतः जोडले आणि मग कंपनीला कळवलं. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी तिरपाई साठत गेली आणि सातवा तुकडा बसेचना, म्हणून त्यांनी त्याची कड घासली. रिस्टोररला आधी तो गोंद काढावा लागला, खर्च वाढला, आणि घासलेली कड तर कायमची गेली. वाढलेला खर्च कंपनीने दिला नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं: ते नुकसान पडल्यामुळे झालेलं नव्हतं.

फोटो काढताना आधी पडल्या जागी, मग साध्या पार्श्वभूमीवर चारही बाजूंनी, मग चिरेचा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. बुडाची खूण आणि जुनी रेघ यांचा एक. शक्य असेल तर मूल्यांकनातल्या फोटोच्या कोनातूनच एक काढा. दोन्ही शेजारी ठेवले की ओळख पटवण्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

कंपनीला फोन किंवा ईमेलने लगेच कळवा आणि दावा क्रमांक घ्या. पॉलिसीत कळवण्याची मुदत असते आणि पत्र नीट लिहिण्याच्या नादात ती चुकवू नये. मग हे पत्र पाठवा. रिकाम्या जागी तुमचे तपशील आणि मोजमापं भरा:

प्रति,
दावे विभाग,
____ विमा कंपनी

दिनांक: ____

विषय: पुरातन पोर्सेलिन फुलदाणीच्या अपघाती नुकसानीची सूचना व दाव्याच्या मूल्यनिर्धारणाची विनंती

संदर्भ: पॉलिसी क्र. ____, परिशिष्टातील अनुक्रमांक ____, दावा क्र. ____

महोदय / महोदया,

वरील पॉलिसीअंतर्गत नोंदवलेल्या फुलदाणीचे दिनांक ____ रोजी सुमारे ____ वाजता माझ्या घरी अपघाताने नुकसान झाले. याची प्राथमिक सूचना मी दिनांक ____ रोजी फोनद्वारे / ईमेलद्वारे दिली आहे.

फुलदाणी बैठकीच्या खोलीतील कपाटावर ठेवलेली होती. मी कपाटाचा पृष्ठभाग पुसत असताना माझ्या उजव्या कोपराचा धक्का लागून ती सुमारे ____ उंचीवरून फरशीवर पडली. त्या वेळी मी फुलदाणी हाताळत किंवा साफ करत नव्हते / नव्हतो. घटना मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

झालेले नुकसान असे: काठाचा सुमारे ____ लांबीचा एक टवका उडाला आहे व तेथून पोटापर्यंत सुमारे ____ लांबीची चीर गेली आहे. टवका व सापडलेल्या सर्व बारीक कपच्या जपून ठेवल्या आहेत. फुलदाणीच्या बुडाशी एक बारीक रेघ आहे. ती या घटनेपूर्वीपासून असून या दाव्यात समाविष्ट नाही.

घटनेपूर्वीची स्थिती व किंमत दर्शवणारे दिनांक ____ चे मूल्यांकन सोबत जोडले आहे. त्यात फुलदाणीचे वर्णन, मोजमापे, फोटो व मूल्यांकनाचा आधार नमूद आहे. पॉलिसीच्या परिशिष्टात नोंदवलेली रक्कम याच मूल्यांकनावर आधारित आहे.

या मूल्यांकनाच्या आधारे पुढील दोन बाबींचे पॉलिसीतील अटींनुसार मूल्यनिर्धारण व्हावे, अशी विनंती आहे:
१. जुन्या पोर्सेलिनच्या कामात अनुभवी असलेल्या रिस्टोररकडून दुरुस्ती करण्याचा खर्च.
२. दुरुस्तीनंतरही फुलदाणीच्या किमतीत राहणारी घट. ही घट ठरवताना घटनेपूर्वीची व दुरुस्तीनंतरची किंमत एकाच आधारावर काढली जावी.

दुरुस्ती शक्य किंवा परवडणारी नाही असा निष्कर्ष निघाल्यास, पूर्ण नुकसान धरण्यापूर्वी व फुलदाणीच्या मालकीबाबत निर्णय घेण्यापूर्वी मला लेखी कळवावे.

आपल्या लेखी संमतीशिवाय मी कोणतीही दुरुस्ती करून घेणार नाही. फुलदाणी व तुकडे पाहणीसाठी उपलब्ध आहेत. पाहणीचा दिनांक, तसेच दुरुस्तीचा अंदाज व नवे मूल्यांकन मी सादर करावे की आपण नेमलेल्या तज्ज्ञाकडून घेतले जाईल व त्याचे शुल्क कोण देईल, हे कृपया कळवावे.

सोबत: मूल्यांकनाची प्रत, पॉलिसीच्या परिशिष्टाची प्रत, घटनेपूर्वीचे व नंतरचे फोटो.

आपला / आपली विश्वासू,
____

या पत्रात रक्कम कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे. रक्कम जोडलेल्या कागदात आहे आणि परिशिष्टातही आहे. पहिल्याच पत्रात तुम्ही एखादा आकडा लिहिला की पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याभोवती फिरतं, आणि दुरुस्तीचा अंदाज हाती नसताना लिहिलेला आकडा चुकीचाच असण्याची शक्यता जास्त. कंपनीच्या दाव्याच्या फॉर्ममध्ये रकमेचा रकाना असेल तर तिथे ‘मूल्यनिर्धारणानंतर’ असं लिहा. मूळ मूल्यांकन देऊ नका, प्रत द्या. मूळ पाहायचं असेल तर पाहणीच्या दिवशी दाखवा.

पाहणीला येणारा सर्व्हेअर फुलदाणीला बोटाने हलकेच टिचकी मारू लागला तर त्याला थांबवा. अखंड पोर्सेलिन खणखणीत वाजतं आणि चीर असलेलं बद्द, हे खरं आहे, पण चीर डोळ्यांना दिसत असताना त्या परीक्षेने नवं काही कळत नाही, चीर पुढे सरकायचा धोका तेवढा वाढतो. तिचं खरं टोक कुठे आहे, हे आतून दिवा धरला की बाहेरून दिसतं. अंग पातळ असेल तर प्रकाशात चीर काळसर रेघेसारखी उठून येते, आणि पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना वाटते त्यापेक्षा लांब निघते. पत्रातली लांबी भरण्याआधी हे स्वतः करून पाहा. नंतर लांबी वाढलेली आढळली तर ‘हे पाहणीनंतर झालं’ असा वाद निघतो.

दुरुस्तीचा अंदाज घेताना रिस्टोररला फक्त खर्च विचारू नका. तो रंगकाम चिरेपुरतं ठेवणार की मूळ झिलईवर दूरपर्यंत फवारणार, हे लिहून घ्या. दूरवर फवारलेल्या रंगाखाली मूळ चित्र झाकलं जातं, काम दिसायला गुळगुळीत दिसतं, पण जाणकार गिऱ्हाईक त्याकडे संशयाने पाहतं आणि काही वर्षांनी तो रंग पिवळा पडू शकतो. जे काम कमीत कमी जागेत राहतं आणि गरज पडल्यास मागे फिरवता येतं, त्याने किंमत जास्त टिकते. मूल्यांकनकाराला ‘दुरुस्तीनंतरची किंमत’ विचारताना हा लेखी अंदाज त्याच्यापुढे ठेवा, नाहीतर तो कोणत्या दुरुस्तीनंतरची किंमत सांगतो आहे हेच कळणार नाही.

कंपनीकडून देकार येईल तेव्हा सोबत एक पावती येते, तिच्यावर बहुधा ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतात. देकारात दुरुस्ती आणि घट या दोन्ही बाबी वेगवेगळ्या दाखवल्या आहेत का ते सही करण्याआधी पाहा. फक्त दुरुस्तीची रक्कम असेल तर ती ‘दुरुस्तीपोटी, घटीचा निर्णय प्रलंबित ठेवून’ स्वीकारता येईल का, हे लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या हे मान्य करतात, कारण रिस्टोररचं काम त्यामुळे सुरू होतं आणि घटीचं मूल्यांकन मागाहून करता येतं.

पैसे मिळून दुरुस्ती झाल्यावर पॉलिसीचं परिशिष्ट बदलून घ्या. तिथे अजूनही अखंड फुलदाणी आणि १०० ही रक्कम आहे, तुमच्या कपाटावर मात्र आता ५५ ची दुरुस्त फुलदाणी असेल. न बदलल्यास तुम्ही नसलेल्या किमतीवर हप्ता भरत राहाल. आणि उद्या ती चोरीला गेली, तर आज तुम्ही घटीपोटी घेतलेल्या ४५ चा कागद कंपनीच्या फायलीत असेलच. रिस्टोररचा अहवाल आणि दुरुस्तीनंतरचे फोटो जोडून नवं मूल्यांकन पाठवा. या वेळी त्यात बुडाच्या रेघेची नोंद करून घ्या.